प्रस्तावना : बुडण्याचा वेग, वसुली आणि वटाव

एखाद्या कंपनीचे दहा कोटी रुपयांचे कर्जरोखे एका बँकेकडे आहेत, अशी कल्पना करा. व्याज वेळेवर मिळते आहे, रोखे विकायचेही नाहीत, पण कंपनी बुडाली तर काय, ही चिंता मात्र आहे. अशा वेळी बँक दुसऱ्या एका संस्थेशी करार करते. पाच वर्षे दर तिमाहीला ठरलेला हप्ता बँकेने भरायचा, आणि त्या काळात कंपनीने कर्ज बुडवले तर रोख्याची दर्शनी किंमत आणि बुडाल्यानंतर उरलेली किंमत यांतला फरक समोरच्या संस्थेने द्यायचा. हाच क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप. बुडण्याची घटना घडली की हप्ते थांबतात, भरपाई दिली जाते आणि करार संपतो. हा वार्षिक हप्ता दर्शनी रकमेच्या टक्क्यांत किती असावा, या एकाच प्रश्नाभोवती हे पुस्तक उभे आहे. त्याचे सर्वांत छोटे उत्तर एका ओळीत मावते :

s = λ(1 − R)

इथे s म्हणजे हप्त्याचा दर, λ म्हणजे हॅझर्ड रेट आणि R म्हणजे वसुलीचा दर. हॅझर्ड रेट हा बुडण्याचा वेग आहे. आज शाबूत असलेली कंपनी पुढच्या क्षणी बुडण्याची शक्यता वर्षाच्या मापात किती, हे तो सांगतो. तो २ टक्के आणि स्थिर धरला, तर अशा शंभर कंपन्यांपैकी वर्षाअखेरीस सरासरी ९८.०२ उरतात, पुढच्या वर्षी त्या उरलेल्यांतून पुन्हा त्याच प्रमाणात गळती होते आणि पाच वर्षांनी ९०.४८ शिल्लक राहतात. म्हणजे पाच वर्षांत बुडण्याची शक्यता सुमारे साडेनऊ टक्के. बुडाल्यावर रुपयातले ४० पैसे वसूल होतील असे धरले, तर नुकसान ६० पैशांचे. २ टक्क्यांना ०.६ ने गुणले की १.२ टक्के, अर्थात १२० बेसिस पॉइंट. दहा कोटींवर वर्षाला बारा लाख रुपये.

हे सूत्र इतके सोपे आहे की जाणकार त्याला नवशिक्यांचे सूत्र म्हणून बाजूला सारतात, आणि नवशिके त्याला अंतिम सत्य मानून बसतात. माझ्या मते दोन्ही चुकीचे आहे. सूत्राची खरी गंमत त्यात काय आहे यापेक्षा त्यातून काय गळून पडले आहे, यात आहे. विषयाच्या नावात तीन घटक आहेत, बुडण्याचा वेग, वसुली आणि वटाव, पण वरच्या ओळीत वटाव कुठेच नाही. उरलेले दोन घटकही सुटे येत नाहीत, गुणाकारात एकमेकांना चिकटून येतात. बाजारात मिळणारा भाव एकच असतो आणि तो या गुणाकाराविषयी बोलतो. गुणाकाराची फोड कशी करायची हे भाव सांगत नाही, ते आपण बाहेरून आणतो. या विषयातल्या बहुतेक चुका ही गोष्ट विसरल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

आधी वटाव कुठे गेला ते पाहू. हुंडी वटवणाऱ्या पेढीला जे कळत होते तेच इथेही लागू आहे, की उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा. स्वॅपच्या दोन बाजू आहेत. एकीकडे हप्त्यांचा ओघ, दुसरीकडे संभाव्य भरपाई, आणि दोन्हींचे आजचे मूल्य सारखे असेल तोच न्याय्य हप्ता. आता पाच वर्षांऐवजी एकच दिवस घ्या. त्या दिवशी कंपनी शाबूत असेल तर विक्रेत्याला दिवसाचा हप्ता मिळतो, आणि त्याच दिवशी ती बुडण्याची शक्यता गुणिले नुकसान एवढी त्याची अपेक्षित देणी असते. हप्ता λ(1 − R) इतका असेल तर त्या दिवसाचा हिशोब जमतो. दुसऱ्या दिवशीही तो तसाच जमतो, हजाराव्या दिवशीही. प्रत्येक दिवसाच्या दोन्ही बाजूंना एकच वटाव लागतो आणि कंपनी तोवर टिकण्याची एकच शक्यता लागते. रोजचा हिशोब रोज जमत असेल तर त्यांची बेरीज कोणत्याही व्याजदराने केली तरी जमणारच. वरच्या उदाहरणात व्याजदर ५ टक्के धरला तर भरपाईच्या बाजूचे आजचे मूल्य ५०.६ लाख येते. व्याज शून्य धरले तर ते ५७.१ लाख होते आणि १० टक्के धरले तर ४५.१ लाखांवर उतरते. हप्त्यांच्या बाजूचे मूल्यही नेमके तितकेच चढते-उतरते, आणि दर तिन्ही वेळा बारा लाखच राहतो.

प्रत्यक्षात हप्ता रोज भरला जात नाही, आणि वटाव तिथून थोडासा परत येतो. भरपाई बुडण्याच्या वेळी मिळते, हप्ता मात्र मुदत संपल्यावर येतो, म्हणून विक्रेत्याला सरासरी अर्धी मुदत थांबावे लागते आणि त्या थांबण्याचे व्याज हप्त्यात चढते. हप्ता वर्षाअखेरीस एकदाच भरायचा असेल, बुडण्याच्या दिवसापर्यंतचा तुटक हप्ताही द्यायचा असेल, आणि व्याज ५ टक्के असेल, तर १२० चे १२३ होतात. तिमाही हप्त्यात ही वाढ पाऊण बेसिस पॉइंटाच्या आसपास उरते. त्यातही बाजाराची पद्धत ३६० दिवसांचे वर्ष धरून प्रत्यक्ष दिवस मोजण्याची आहे. त्यामुळे ३६५ दिवसांत हप्ता थोडा जास्तच जमा होतो आणि बोली दर त्या प्रमाणात खाली येतो. दोन्ही धरून सूत्राचे १२० प्रत्यक्षात ११९ च्या जवळ येतात. दोन छोट्या दुरुस्त्या उलट दिशांना जातात आणि सूत्र, जणू योगायोगाने, अधिकच बरोबर ठरते. एवढ्यासाठी त्याला ढोबळ म्हणून हिणवण्याचे कारण नाही.

या विचाराचा उगम थोडा मागे जाऊन पाहायला हवा. रॉबर्ट मर्टन यांनी १९७४ मध्ये कंपनीच्या भागभांडवलाकडे तिच्या मालमत्तेवरचा ऑप्शन म्हणून पाहिले. मालमत्तेचे मूल्य कर्जाच्या खाली गेले की कंपनी बुडाली. ब्लॅक आणि कॉक्स यांनी १९७६ मध्ये हा क्षण मुदतीच्या आधीही येऊ शकेल अशी सोय केली. या रचनावादी परंपरेत बुडण्याला कारण असते आणि ते ताळेबंदात शोधता येते. दुसरी परंपरा १९९० च्या दशकात जॅरो व टर्नबुल, लँडो, डफी व सिंगलटन यांच्या कामातून उभी राहिली. तिने कारणाचा शोध सोडून दिला. बुडणे कधीही, पूर्वसूचनेशिवाय येऊ शकते, त्याचा फक्त वेग बाजारभावावरून ओळखावा, असे तिचे म्हणणे. आपले सूत्र या दुसऱ्या घराण्यातले, त्यातले सर्वांत साधे. रचनावाद्यांचा आक्षेप असा, की कारणाशिवाय काढलेला वेग हे भावाचेच दुसरे नाव आहे, त्यातून नवे काहीच कळत नाही. आक्षेप खरा आहे. पण मर्टन यांच्या मूळ रचनेत उद्याच बुडण्याची शक्यता जवळजवळ शून्य येते, कारण मालमत्तेचे मूल्य हळूहळू सरकते. बाजार मात्र अगदी छोट्या मुदतीच्या संरक्षणासाठीही पैसे मागतो. ताळेबंदात न दिसणाऱ्या गोष्टींचे भय या मागणीत असते, आणि तेवढे तरी हॅझर्ड रेट प्रामाणिकपणे नोंदवतो.

करार म्हणून स्वॅपचा जन्म याच दशकातला. एक्सॉन कंपनीला अलास्कातल्या तेलगळतीच्या दाव्यांसाठी जे. पी. मॉर्गनने मोठी पतमर्यादा दिली होती. १९९४ मध्ये त्या कर्जाची जोखीम युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेकडे सोपवण्याचा जो व्यवहार झाला, तो या साधनाचा आरंभबिंदू मानला जातो. पुढची पंधरा वर्षे प्रत्येक करार आपापल्या दराने होत असे. एप्रिल २००९ मध्ये उत्तर अमेरिकेच्या बाजाराने पद्धत बदलली. हप्ता १०० किंवा ५०० बेसिस पॉइंट असा ठरावीक झाला आणि खऱ्या दराशी असलेला फरक सुरुवातीलाच एकरकमी द्यायचा ठरले. दराचे रकमेत रूपांतर करायला सगळ्यांनी एकच प्रमाण नमुना स्वीकारला. त्यात मुदतभर हॅझर्ड रेट स्थिर धरतात, आणि वरिष्ठ कर्जासाठी वसुली ४० टक्के, दुय्यम कर्जासाठी २० टक्के. त्यामुळे पाठ्यपुस्तकातले गृहीतक थेट रोख देवघेवीचा पाया बनले. आपल्या उदाहरणातला १२० चा करार १०० च्या हप्त्याने केला, तर खरेदीदाराने उरलेले २० बेसिस पॉइंट पाच वर्षांऐवजी आजच द्यायचे. कंपनी टिकेल तोवरच मिळणाऱ्या एका रुपयाच्या वार्षिक ओघाचे आजचे मूल्य ५ टक्के व्याजाने ४.२२ रुपये होते. म्हणून रक्कम दर्शनी किमतीच्या ०.८४ टक्के, दहा कोटींवर सुमारे ८.४ लाख. दरातून गळालेला वटाव इथे रकमेत परत येतो, आणि त्याच्याबरोबर वसुलीचे गृहीतकही.

वसुलीचा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण तिथेच घसरायला होते. १२० चा दर ४० टक्के वसुली धरून वाचला तर बुडण्याचा वेग २ टक्के. वसुली २० टक्के धरली तर तोच दर दीड टक्का वेग सांगतो, ७० टक्के धरली तर ४ टक्के. पाच वर्षांत बुडण्याची शक्यता अनुक्रमे साडेनऊ, सव्वासात आणि अठरा टक्के. भाव एक, अर्थ तीन. तरीही नवा करार करणाऱ्याला यातले काहीच जाणवत नाही, कारण तिन्ही वाचनांत न्याय्य हप्ता बारा लाखच आहे. जाणवते ते जुन्या कराराला. समजा करार १२० ला झाला आणि थोड्याच दिवसांत कंपनीविषयी वाईट बातमी येऊन दर ६०० वर गेला. खरेदीदाराच्या हातात आता वर्षाला ४८० बेसिस पॉइंटांचा फायदा आहे, पण तो कंपनी टिकेल तेवढाच काळ मिळणार. वसुली ४० टक्के धरली तर वेग १० टक्के होतो आणि त्या ओघाचे मूल्य दहा कोटींवर सुमारे १ कोटी ६९ लाख. २० टक्के वसुलीने ते १ कोटी ७८ लाख, ७० टक्के वसुलीने १ कोटी ३७ लाख. करार तोच आणि बाजारभावही तोच असताना ताळेबंदात एकेचाळीस लाखांचा फरक केवळ एका गृहीतकामुळे पडतो. नफा मोजणाऱ्या माणसाला हे गृहीतक निवडू दिले तर काय होईल, हे सांगायला नको.

आणि खरी वसुली ४० टक्क्यांच्या आसपास राहील याची हमी कोणीच देत नाही. २००८ च्या एकाच ऑक्टोबरात दोन लिलाव झाले. सरकारने ताब्यात घेतलेल्या फॅनी मे या गृहकर्ज संस्थेच्या वरिष्ठ रोख्यांची अंतिम किंमत ६ तारखेला ९१.५१ ठरली, लेमन ब्रदर्सची १० तारखेला ८.६२५. पहिल्या ठिकाणी संरक्षण विकणाऱ्याने शंभरातले साडेआठ दिले, दुसऱ्या ठिकाणी नव्वदांहून जास्त. दोन्ही नावांना बाजारात एकच प्रमाण वसुली लावली जात होती. यावर असे म्हटले जाते, की हे अपवाद आहेत, सरासरी पाहावी. पण विक्रेता हजारो कंपन्यांची सरासरी धरून बसलेला नसतो, त्याच्याकडे थोडी आणि ठळक नावे असतात. शिवाय मंदीत बुडण्याचा वेग वाढतो तेव्हाच वसुली घटते, कारण विकायला काढलेल्या मालमत्तेला गिऱ्हाईक नसते. सूत्र या दोन घटकांना एकमेकांशी अनोळखी मानते. वास्तवात दोघे एकाच वेळी वाईट दिशेला जातात.

दुसरे गृहीतक स्थिरतेचे. ते खोटे आहे हे ओळखायला कोणतेही प्रगत गणित लागत नाही, वेगवेगळ्या मुदतींचे दर शेजारी ठेवावे लागतात. एका वर्षाचा दर ६० आणि पाच वर्षांचा १२० असेल, तर पहिल्या वर्षाचा वेग १ टक्का निघतो. मग पुढच्या चार वर्षांचा वेग २.३ टक्के असल्याशिवाय पाच वर्षांचा हिशोब जमत नाही. अशा पायरीपायरीने वेग काढण्याच्या रीतीला बाजारात बूटस्ट्रॅपिंग म्हणतात, आणि स्थिर दराच्या सूत्रानंतरचे पहिले पाऊल तेच आहे. या पायऱ्या चढताना एखादा वेग ऋण आला तर थांबावे. समजा संकटातल्या कंपनीचा एका वर्षाचा दर २००० दिसतो आहे आणि तीन वर्षांचा ५००. याचा अर्थ एका वर्षाचे संरक्षण तीन वर्षांच्या संरक्षणापेक्षा महाग, जे शक्य नाही, कारण तीन वर्षांत ते एक वर्ष आहेच. मग एखादा भाव शिळा आहे, किंवा दोन भाव वेगवेगळ्या वसुलीवर उभे आहेत, किंवा एक भाव वेगळ्या श्रेणीच्या कर्जाचा आहे. आकड्यांत दोष असल्याचे हे सर्वांत भरवशाचे लक्षण आहे, आणि ते सूत्रामुळेच दिसते.

यापेक्षा मूलगामी आक्षेप असा, की असा काढलेला वेग खऱ्या बुडण्याच्या इतिहासाशी जुळत नाही. चांगल्या पतमानाच्या कंपन्यांत तो इतिहासातल्या प्रमाणाच्या कित्येक पट येतो. मग बाजार चुकतो का? नाही. संरक्षण विकणारा फक्त सरासरी नुकसान मागत नाही. सगळ्या कंपन्या एकदम अडचणीत येतील त्या काळात पैसे द्यावे लागतील, या जोखमीचा मोबदलाही तो घेतो, आणि दोन्ही एकाच आकड्यात मिसळतात. म्हणून साडेनऊ टक्के ही भाकिते करण्याची संख्या नाही. स्वॅपच्या दरावरून अमुक कंपनी बुडण्याची शक्यता इतकी, अशा बातम्या छापून येतात, तेव्हा वसुलीचे गृहीतक आणि जोखमीचा मोबदला या दोन्ही गोष्टी वाचकापासून लपलेल्या असतात. सूत्र आणखी एक गोष्ट धरून चालते, की संरक्षण विकणारा स्वतः टिकेल. सप्टेंबर २००८ मध्ये एआयजी या विमा कंपनीला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ८५ अब्ज डॉलरचे कर्ज देऊन वाचवले. गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांना तिने जे संरक्षण विकले होते, त्यावर तारण मागणाऱ्यांची रांग लागली होती. जोखीम एका ठिकाणी साचली होती, आणि कुठल्याही एका कराराच्या हिशोबात ते दिसणे शक्य नव्हते.

मुंबईच्या रोखेबाजाराशी या पुस्तकाचा संबंध थोडा उलट्या बाजूने येतो. रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये कंपन्यांच्या रोख्यांवर स्वॅपला परवानगी दिली, पण रोखे हातात असणाऱ्यालाच संरक्षण घेण्याची मुभा होती. २०२२ च्या निर्देशांनी बिगर-किरकोळ सहभागींसाठी ही अट सैल केली. तरीही बाजार विरळच राहिला, त्यामुळे बहुतेक नावांना स्वॅपचा भावच नसतो. तिथे सूत्र उलटे चालवावे लागते. कंपनीचा रोखा सरकारी रोख्यापेक्षा जितका जास्त परतावा देतो, तो फरक हप्त्याच्या जागी ठेवायचा आणि वेग काढायचा. ही रीत वापरताना त्या फरकात रोखा सहज विकला न जाण्याची किंमतही असते हे विसरले, तर वेग फुगून येतो. उलट बाजूची चूक आयएल अँड एफएसच्या बाबतीत दिसली. २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत सर्वोच्च पतमान मिरवणारा हा मुंबईतला समूह त्याच वर्षी देणी थकवू लागला. पतमानाच्या जुन्या तक्त्यावरून काढलेला स्थिर वेग तिथे जवळजवळ शून्य आला असता.

मराठीत या विषयावर लिहिताना दोन मोह असतात. एक सगळे शब्द संस्कृतातून घडवण्याचा, दुसरा इंग्रजी पुस्तकाची समीकरणे तशीच उतरवण्याचा. या पुस्तकाने बाजारात रुळलेले शब्द घेतले आहेत, आणि प्रत्येक समीकरणाआधी त्याचा हिशोब रुपयांत मांडला आहे. पुस्तक वर सांगितलेल्या एका ओळीपासून निघते आणि तिच्यातले एकेक गृहीतक काढत जाते. आधी हप्त्याच्या तारखा आणि तुटक हप्ता, मग मुदतीनुसार बदलणारा वेग, मग अनिश्चित वसुली, आणि शेवटी समोरच्या पक्षाची पत. प्रत्येक वेळी उत्तर मूळ ओळीपासून किती सरकले याची मोजणी पुढ्यात ठेवली आहे. अनेक नावे एकत्र बुडण्याचा प्रश्न मात्र इथे हाताळलेला नाही. त्याला परस्परावलंबनाचे वेगळे गणित लागते, आणि एका नावाचा हिशोब पक्का होण्याआधी तिकडे वळणे घाईचे होईल. वाचकाकडून अपेक्षा एवढीच, की कागद-पेन्सिल किंवा एखादी स्प्रेडशीट जवळ असावी. बारा लाखांचे उदाहरण आधी स्वतः सोडवावे, मग वसुलीचा आकडा ४० वरून ७० करावा आणि कोणत्या रकमा जागच्या हलत नाहीत, कोणत्या हलतात, हे पाहून पुढचे पान उलटावे.